टॉकनंतरच्या प्रश्नांची भीती: साठ क्वाड्रॅट की चार सडे?

"मॅडम, टॉक मी देईन ओ, पण नंतर कुणी सॅम्पलिंगवर नाहीतर स्टॅटिस्टिक्सवर बोट ठेवलं की माझं डोकं बंद पडतं. काय तयारी करू?"

सेमिनारचे दिवस आले की कोल्हापुरातली रिसर्च करणारी मुलं हेच घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या एकाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तो सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करत होता, पन्हाळा आणि राधानगरीकडचे जांभ्याचे सडे म्हणजे सपाट खडकाळ पठारं, प्रश्न असा की जिथे गुरं चरतात तिथे पावसाळी फुलांच्या जाती कमी दिसतात का. चार सडे घेतलेले, दोन चराईचे, दोन बिनचराईचे, प्रत्येकावर जाती मोजायला आखलेले एक मीटरचे पंधरा चौकोन, म्हणजे क्वाड्रॅट, एकूण साठ. टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू एकदम बारीक आली, खूश व्हायला हवं होतं पण याची झोप उडालेली.

मी म्हटलं, "कोण काय विचारेल असं वाटतंय?" तर म्हणे, "कायपण विचारतील." भीती अशी मोघम असली की तिच्याशी बोलताच येत नाही, म्हणून मी त्याच्याकडून नेहमी ठरलेली एक गोष्ट करून घेते, हॉलमधला सगळ्यात कडक माणूस डोळ्यासमोर आणायचा आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, प्रश्नचिन्हासकट कागदावर लिहायचा. दोनतीन भेटी तो टाळत राहिला. शेवटी लिहिलं, "तुमचा एन साठ आहे की चार?" एन म्हणजे स्वतंत्र नमुने किती.

म्हणजे प्रश्न त्याला आधीपासून माहीत होता! माझ्या अनुभवात बहुतेकांना तो माहीत असतोच, आपण तिकडे बघत नाही म्हणून तो मोठा होत जातो. मी स्वतः आधी बॉटनीत एमेस्सी केलेलं, त्यामुळे तो कशाला घाबरलाय ते मला लगेच कळलं. एकाच सड्यावरचे क्वाड्रॅट एकमेकांसारखे असतात, माती तीच, पाऊस तोच, त्यांना स्वतंत्र नमुने धरलं तर ते स्यूडोरेप्लिकेशन, हर्लबर्टने १९८४ मध्ये इकॉलॉजीवाल्यांना हेच ठणकावून सांगितलं होतं. पण मी हे बोलले नाही. एवढंच विचारलं, "चराई कशाला लागू होते, क्वाड्रॅटला की सड्याला?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सड्याला. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण मी पंधरा पंधरा शितं चाखली तरी भांडी चारच की ओ!" हे त्याचं त्याला सापडलं तो क्षण मला फार मोलाचा वाटतो, मी सांगितलं असतं तर त्याने फक्त मान डोलावली असती.

मग चार सड्यांच्या सरासऱ्या घेऊन आम्ही बसलो. दर क्वाड्रॅट जाती, चराईच्या सड्यांवर ६.१ आणि ७.३, बिनचराईच्या ९.० आणि ८.४. फरक दोन जातींचा. पण आता डिग्री ऑफ फ्रीडम ५८ नाही, २ उरले, टी आला साधारण ३ आणि लागतो ४.३, म्हणजे पाच टक्क्यांच्या पातळीवर सिग्निफिकंट नाही. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.९ ते ४.९. त्याचा चेहरा उतरला, मी म्हटलं आता हेच उत्तर म्हणून बोलून दाखव. आधी "सॉरी, माझी चूक झाली" असं सुरू केलं, ते काढायला लावलं, कारण माफीने प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पाचसहा वेळा घासून जे तयार झालं ते असं: "नमुन्याचं एकक सडा आहे, म्हणून एन चार. फरक अपेक्षित दिशेने दिसतो, पण चार सड्यांवरून चराईबद्दल सर्वसाधारण दावा मी करत नाही. पुढच्या पावसाळ्यात क्वाड्रॅट नाही, सडे वाढवणार." साठ क्वाड्रॅटची ती बारीक पी व्हॅल्यू मुख्य स्लाइडवरून काढली आणि हा हिशोब तिथे आला.

"मिक्स्ड मॉडेल का नाही लावलं?" हे हमखास विचारतात. त्यालाही उत्तर सरळ आहे, सड्याला रँडम इफेक्ट धरता येतो पण चारच सड्यांवरून सड्यासड्यातला फरक धड मोजता येत नाही, मॉडेल बदलून सडे वाढत नाहीत.

एक प्रश्न मात्र कुठल्याच टेस्टने सुटणारा नव्हता. चराईचे सडे रस्त्याजवळ म्हणून तो तिथे जुलैत गेला आणि दुसरीकडे ऑगस्टच्या शेवटी, आणि सड्यावर फुलं तर आठवड्याला बदलतात, म्हणजे फरक चराईचा की तारखेचा हे वेगळं काढताच येत नाही. हे मी त्याला टॉकमध्येच, कुणी विचारायच्या आधी, तारखांच्या तक्त्यासकट सांगायला लावलं. तुमच्याही डिझाइनमध्ये असं काही असेल तर ते मेथड्सच्या स्लाइडवर ठेवा, शेवटच्या लिमिटेशन्समध्ये लपवू नका.

टॉकला पहिलाच प्रश्न एनवर आला. त्याने उत्तर दिलं, आणि विचारणाऱ्या सरांनी पुढचं विचारलं ते, सडे वाढवणार तर चराईचे आणि बिनचराईचे एकाच आठवड्यात कसे गाठणार, त्यावर दोघं चहापर्यंत बोलत राहिले.