मराठीत वाक्याच्या शेवटी दंड की टिंब?

प्रश्न: “मराठीत उत्तर लिहिताना वाक्य संपल्यावर हिंदीसारखी उभी रेघ द्यावी की टिंब?”

टिंबच द्या, गद्य मराठीत वाक्य पूर्णविरामाने (.) संपतं, दंडाने (।) नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीची विरामचिन्हं मराठीत रुजवली, त्यात टिंबही आलं. हिंदीने बाकीची चिन्हं घेतली, पण वाक्याच्या शेवटी दंड कायम ठेवला. अपवाद पद्याचा: ओवी, अभंग, श्लोक लिहिताना चरणाशी । आणि कडव्याच्या शेवटी ॥ आजही योग्यच.

फोनवर हिंदी कीबोर्ड चालू राहिला तरी मराठी उत्तरांत दंड येऊ शकतो. तेव्हा आधी कीबोर्डची भाषा मराठी करा.

टंकताना आणखी दोन चुका मला फार खटकतात. पहिली, टिंबाआधी जागा सोडणं: ‘उद्या येतो .’ असं लिहिलं की ओळ भरल्यावर टिंब एकटंच खालच्या ओळीत जाऊन पडतं. ‘उद्या येतो.’ असं चिकटवून लिहा, जागा टिंबानंतर सोडा. दुसरी, अपूर्णविरामाऐवजी विसर्ग: ‘टीपः’ नव्हे, ‘टीप:’. दिसायला सारखंच वाटतं, पण विसर्ग हा शब्दाचा भाग होतो आणि मग ‘टीप’ शोधताना तो शब्द निसटू शकतो.