कार्ड मशीनचा मेसेज डावीकडून उजवीकडे वाचताना

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितोय. कार्ड टेकवल्यावर मशीन बँकेला नेमकं काय पाठवतं? रक्कम, टर्मिनल, कार्डाची माहिती आणि बँकेचं उत्तर मेसेजमध्ये कुठे असतं? आमचा टेस्ट मेसेज कोड 30 घेऊन परत येतोय.

उत्तर:

या मेसेजचं व्याकरण आयएसओ 8583 या मानकात आहे. त्यात फील्डची नावं जात नाहीत, फक्त क्रमांकांचा ठरलेला क्रम असतो. सुरुवातीचे चार अंक मेसेजचा प्रकार सांगतात. 0100 म्हणजे मंजुरीची विनंती आणि 0110 म्हणजे तिचं उत्तर. काही बँका खरेदीसाठी 0200 आणि 0210 वापरतात, त्यामुळे तुमच्या बँकेचं स्पेसिफिकेशन आधी बघा.

चादरीची जोडी 1,250 रुपयांना विकली आणि गिऱ्हाइकानं कार्ड टेकवलं, असं धरू. रक्कम 5,000 रुपयांच्या आत असल्यानं पिन लागला नाही. बँकेच्या सर्व्हरवरून पुढे जाणारा मेसेज, शिकण्यापुरता कमी करून, असा दिसेल:

```
0100
3238048028C08200
3   000000
4   000000125000
7   0115081540
11  000347
12  134540
13  0115
22  071
25  00
35  37 अंक
37  501508000347
41  SLP00412
42  15 अक्षरं
49  356
55  चिपची माहिती
```

डावीकडचे फील्ड क्रमांक मी वाचायला सोपं जावं म्हणून लिहिलेत, तारेवर ते जात नाहीत. कोणती फील्ड आली आहेत हे दुसऱ्या ओळीतला बिटमॅप सांगतो. त्याचे 64 बिट म्हणजे 64 फील्डची हजेरी. पहिला बाइट `32`, म्हणजे 0011 0010. त्यात तिसरा, चौथा आणि सातवा बिट चालू आहे, म्हणून फील्ड 3, 4 आणि 7 हजर. उरलेले सात बाइट असेच कागदावर एकदा सोडवा. पहिला बिट चालू असेल तर मागोमाग आणखी 64 बिटांचा दुसरा बिटमॅप येतो.

फील्ड 4 नेहमी बारा अंकांचं असतं आणि त्यात दशांशचिन्ह नसतं. रक्कम पैशांत लिहायची, म्हणून 1,250 रुपयांचे 125000 पैसे आणि डावीकडे शून्यं. बिलाचा 1250 हा आकडा तसाच भरला तर बँक साडेबारा रुपये कापेल आणि मेसेज बिनतक्रार मंजूर होईल. एवढ्या मोठ्या चुकीवर कुठलाही एरर येत नाही, म्हणून ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. फील्ड 49 मधलं 356 म्हणजे भारतीय रुपया.

हीच रक्कम फील्ड 55 मध्येही असते, `9F02` या टॅगखाली. कार्डाची चिप तिच्यासकट काही माहितीवर एक क्रिप्टोग्राम काढते, तो `9F26` मध्ये जातो आणि कार्ड देणारी बँक तो पुन्हा काढून ताडून पाहते. कार्ड टेकवल्यानंतर सवलत देऊन `9F02` बदललं, तर क्रिप्टोग्राम जुळणार नाही आणि बहुतेकदा नुसता 05 परत येईल, कारण न सांगता. त्यामुळे रक्कम पक्की झाल्यावरच कार्ड मागायचं.

फील्ड 7 ची वेळ यूटीसी असते, तर 12 आणि 13 स्थानिक. वरच्या मेसेजमध्ये 08:15:40 आणि 13:45:40 यांत साडेपाच तासांचं अंतर आहे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात तर दोन्हीकडच्या तारखाही वेगळ्या दिसतात. ती चूक समजू नका. फील्ड 22 मधलं 07 सांगतं की चिपचं कार्ड टेकवलं.

आता तुमचा कोड 30, म्हणजे मांडणीतली चूक. माझा पहिला संशय फील्ड 35 वर आहे. त्यात कार्ड क्रमांक, मग `D`, मुदत वर्ष-महिना अशी चार अंकांत, सर्व्हिस कोड आणि बँकेची स्वतःची माहिती असते. हे फील्ड लहानमोठं असतं, म्हणून आधी त्याची लांबी लिहितात. अंक एका बाइटमध्ये दोन असे भरले तर 37 अंकांना 19 बाइट लागतात, पण लांबी म्हणून 37 च लिहायचे. चुकून 19 लिहिले, की समोरचा सर्व्हर 19 अंक, म्हणजे 10 बाइट वाचून थांबतो. उरलेले 9 बाइट आणि खऱ्या फील्ड 37 चे, म्हणजे संदर्भ क्रमांकाचे, पहिले तीन बाइट मिळून तो फील्ड 37 समजतो. मग टर्मिनलच्या जागी, फील्ड 41 मध्ये, `50800034` दिसतं आणि फील्ड 42 ची सुरुवात `7SLP00412` अशी होते. बँकेच्या लॉगमध्ये टर्मिनल क्रमांकाच्या जागी असा संदर्भ क्रमांकाचा तुकडा दिसला, तर फील्ड 41 तपासत बसू नका, त्याच्या आधीच्या लहानमोठ्या फील्डची लांबी मोजा. स्वतःच्या लॉगमध्ये फील्ड 35 कधीच पूर्ण लिहू नका. कार्ड क्रमांकाचे पहिले सहा आणि शेवटचे चार अंक पुरतात.

फील्ड 41 आठ अक्षरांचं आणि 42 पंधरा अक्षरांचं. मजकूर कमी पडला तर उजवीकडे रिकाम्या जागा भरायच्या. मांडणी बरोबर असूनही 03 आला, तर दुकानाचा क्रमांक बँकेकडे नोंदलेला नाही. 58 आला, तर त्या टर्मिनलला हा प्रकार चालू करून दिलेला नाही. ही दोन्ही कामं कोडमध्ये सुटत नाहीत, बँकेकडूनच करून घ्यावी लागतात.

उत्तर आलं की ते असं असतं:

```
0110
322000000E808200
```

त्यात फील्ड 11 मधला व्यवहाराचा अनुक्रमांक, 37 आणि 41 तेच परत येतात. उत्तर कोणत्या विनंतीचं हे यांवरूनच जुळवायचं, नुसत्या रकमेवरून नाही, कारण एकाच दुपारी 1,250 च्या चार जोड्या विकल्या जाऊ शकतात. निकाल फील्ड 39 मध्ये असतो: 00 मंजूर, 51 खात्यात पैसे नाहीत, 54 कार्डाची मुदत संपली, 91 कार्ड देणारी बँक उत्तर देत नाही. मंजूर झालं तर 38 मध्ये सहा अक्षरांचा मंजुरी क्रमांक येतो आणि तो पावतीवर छापायचा.

उत्तर आलंच नाही, तर नकार समजून लगेच दुसऱ्यांदा कार्ड मागू नका. बँकेनं मंजुरी देऊन पैसे कापलेही असतील आणि फक्त परतीचा मेसेज हरवला असेल. अशा वेळी 0400 किंवा 0420 हा उलटवणीचा मेसेज पाठवायचा. मूळ व्यवहाराची ओळख फील्ड 90 मध्ये जाते, 42 अंकांत: मूळ प्रकार, फील्ड 11 चा क्रमांक, फील्ड 7 ची वेळ आणि दोन संस्थांचे क्रमांक. 90 हे 64 च्या पुढचं असल्यानं इथे दुसरा बिटमॅप लागतो, म्हणजे पहिला बिट चालू करावा लागतो. उलटवणीत फील्ड 11 नवीन दिला तरी 90 मध्ये जुनाच 000347 हवा, नाहीतर बँकेला मूळ व्यवहार सापडणार नाही. पोचपावती येईपर्यंत हा मेसेज डिस्कवर जपून पुन्हा पुन्हा पाठवा, मशीन मधेच बंद पडलं तरीही. पैसे कापले गेले आणि दुकानाला मंजुरी पोचलीच नाही, अशा व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी, त्यापुढे गिऱ्हाइकाला रोज 100 रुपये भरपाई मिळते.