मघाशी सांगितलं ते बी काढा

प्रश्न: मुलाखत निम्मी झाल्यावर उत्तरदात्याने संमती मागे घेतली, तर तोपर्यंतची उत्तरे वापरता येतात का? माझ्या प्रबंधासाठी ६० मुलाखती होत्या आणि त्यांतल्या चौघांनी असे केले आहे.

उत्तर: "काढून टाका" असे ज्यांनी म्हटले त्यांची उत्तरे वापरू नयेत. ज्यांनी नुसते "आता बास" म्हटले त्यांची वापरता येतील, पण त्यांना तसे विचारले असेल तरच. हा फरक मी पुस्तकातून शिकले नाही, आणि ज्या दिवशी शिकले त्या दिवशी माझी वागणूक फारशी चांगली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. त्यानंतर त्या भागात पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली, आणि त्यांतल्याच एका पाहणीत मी मुलाखती घेत होते. संस्थेचे, तालुक्याचे, गावाचे नाव सांगणार नाही. बाईबद्दलचे एकदोन तपशीलही बदलले आहेत. उन्हाळ्याचे दिवस होते, कारखान्यांचा पट्टा पडून माणसे गावी परतली होती आणि मुकादमाबरोबर उचलीचा हिशोब अजून व्हायचा होता. उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळून मिळते, त्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि एखादा दिवस काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात. हिशोब संपेपर्यंत ते घर मुकादमाला बांधलेले असते. त्या दिवसांत कोण कोणाशी काय बोलते आहे याकडे गावाचे लक्ष असते, हे पाहणीचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी विचारात घेतले नव्हते. आम्हाला जूनपर्यंत काम संपवायचे होते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

प्रश्नावलीत ८६ प्रश्न होते. पहिले चाळीस घर, जमीन, स्थलांतर, मजुरी यांविषयी होते आणि ४१ व्या प्रश्नापासून "पिशवी" सुरू व्हायची. गर्भाशयाला तिकडे सगळ्या बायका पिशवीच म्हणतात. त्या बाईने संमतीपत्र माझ्याकडून ऐकले, खाली अंगठा उमटवला आणि पहिले चाळीस प्रश्न भराभर संपवले. ४१ व्या प्रश्नाला ती बराच वेळ बोलली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते तिने परत घेतले आहे. इतकेच सांगते, की अशा उत्तरासाठी संशोधक महिनाभर उन्हात फिरतो.

४५ व्या प्रश्नाच्या सुमारास बाहेर एक मोटारसायकल थांबली. कोणी आत आले नाही. इंजिन थोडा वेळ चालू राहिले आणि गाडी निघून गेली. त्यानंतरच्या दोन प्रश्नांना तिने "म्हाईत न्हाई" असे उत्तर दिले. मघापासून तारीखवार सांगणारी बाई एकाएकी काहीच आठवत नसल्यासारखी बोलू लागली, की समजावे संमती गेलेली आहे, फक्त शब्दांत आलेली नाही. मला ते समजले होते. तरीही मी म्हणाले, "थोडेच राहिलेत, वहिनी, दहा मिनिटांत संपेल."

हे वाक्य मला अजून टोचते, कारण ते खोटेही होते. ३९ प्रश्न उरले होते. ती माझ्या शब्दाखातर आणखी तीन प्रश्न बोलली. मग तिने टॅबच्या काचेवर पालथा हात ठेवला. उसाच्या पाल्याने कापलेल्या बारीक पांढऱ्या रेघा बोटांपासून मनगटापर्यंत होत्या, आणि हाताखालचा पडदा झाकला गेल्यामुळे मला पुढचा प्रश्न वाचताच येईना.

"ताई, आता नगं. मघाशी सांगितलं ते बी काढा."

का, असे मी विचारले नाही. त्या दुपारी मी बरोबर केलेली ही एकच गोष्ट असावी. कारण विचारले की माणसाला कारण द्यावे लागते, कारण दिले की त्यावर उत्तर देता येते, आणि आपल्याला पत्ताही न लागता आपण तिला पुन्हा मुलाखतीत बसवतो.

काढायचे म्हणजे कुठून, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा किचकट आहे. फॉर्म टॅबवरच्या KoboCollect या प्रश्नावली भरण्याच्या अ‍ॅपमध्ये अर्धवट जतन झाला होता. पूर्ण केलेलेच फॉर्म सर्व्हरवर जात असल्यामुळे तो अजून टॅबमध्येच होता. Delete Saved Form मधून तिच्यासमोर काढला आणि यादीत तिचा क्रमांक राहिला नाही हे तिला दाखवले. तिला वाचता येत नव्हते, पण रिकामी जागा दिसत होती. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता, तोही पुसला. नंतर लक्षात आले, की ४१ व्या प्रश्नाचे तिचे एक वाक्य मी वहीत जसेच्या तसे टिपले होते, आणि खरे सांगायचे तर तेवढे ठेवावे असा मोह झाला. वहीचे ते पान फाडून तिच्या हाती दिले. शेवटी उरले संमतीपत्र. तिने कागद मागून घेतला, अंगठ्याचा कोपरा जपून फाडला, तो कनवटीला लावला आणि बाकीचा कागद मला परत दिला. "ह्यो तुमचा हाय," ती म्हणाली.

तो कोपरा फाटलेला कागद घेऊन मी संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षकांसमोर बसले. त्यांचे म्हणणे असे होते, की ५० व्या प्रश्नापर्यंत संमती होती, तेव्हा तोपर्यंतची माहिती पाहणीची झाली. मी फॉर्म "अपूर्ण" म्हणून पाठवायला हवा होता, तो नष्ट करण्याचा अधिकार मला नव्हता. शिवाय अंगठा नसलेले संमतीपत्र तपासणीत चालत नाही, म्हणून ते घर "नकार" या सदरात गेले. आम्हाला पूर्ण फॉर्ममागे पैसे मिळत, त्यामुळे त्या दिवसाचे माझे पैसेही गेले, पण तो मुद्दा नव्हे. मुद्दा असा, की दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याऐवजी शेजारचे घर घ्यायला लावले आणि ते मुकादमाच्या भावकीतले निघाले. तिथे ८६ प्रश्न विनासायास पूर्ण झाले आणि ४१ व्या प्रश्नापासून पुढे कसलीच तक्रार नव्हती. मध्येच थांबणारी माणसे आणि शेवटपर्यंत बोलणारी माणसे सारखी नसतात. थांबलेल्याच्या जागी सोयीचे घर भरले की तक्ता पूर्ण दिसतो, पण ज्या गोष्टीसाठी पाहणी काढली तीच त्यातून निसटते. बदली घर घ्यायचेच असेल तर ते आधी काढलेल्या राखीव यादीतून क्रमाने घ्यावे. ते शक्य नसेल तर जागा रिकामी ठेवावी.

पर्यवेक्षकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. आमच्या संमतीपत्रात "आपण मुलाखत कधीही थांबवू शकता" असे होते. आधी दिलेल्या उत्तरांचे काय होईल याबद्दल एक अक्षरही नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे, कोणताही तोटा न होता कधीही माघार घेता येते, हे सहभागी व्यक्तीला सांगायला लावतात. माघार घेतल्यावर माहितीचे काय करायचे हे आपल्या पत्रात आपणच लिहायचे असते. आम्ही ते लिहिले नाही, म्हणून एका बाजूला तिचे तोंडी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला कोरी जागा अशी स्थिती झाली. कोऱ्या जागेचा फायदा संशोधकाने स्वतःकडे ओढू नये, असे माझे मत तेव्हाही होते.

मध्यंतरी पर्यवेक्षक एका कार्यशाळेत भेटले, तेव्हा त्यांनी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पुढे केला: संमती मागे घेतल्याने आधीची प्रक्रिया बेकायदा ठरत नाही. हे खरे आहे, पण त्याच कलमात, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असेही आहे, आणि माघारीनंतर वाजवी मुदतीत पुढचा वापर थांबवायला सांगितले आहे. आधी केले तो गुन्हा नव्हता, याचा अर्थ पुढेही करत राहावे असा होत नाही. संशोधनाला या कायद्यात काही अटींवर सूट आहे, हे त्यांनी सांगितले नाही ते मी सांगते. पण ज्या दुपारी तिने काचेवर हात ठेवला त्या दुपारी हा कायदाच नव्हता, आणि तरीही काय करायचे ते आम्हा दोघींना कळत होते.

आता तुमचे चौघे. त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले ते तुमच्या टिपणात असेल तर त्यावरून ठरवा. टिपण नसेल आणि त्यावेळी "आतापर्यंतचे ठेवू की काढू?" असे विचारले नसेल, तर ते काढायला सांगितल्यासारखेच धरा, हे विचारायला आता पुन्हा त्यांच्या दारात जाऊ नका, दुसरी फेरी म्हणजे दबावच असतो. प्रबंधात ५६ पूर्ण आणि ४ माघार असे सरळ लिहा. माघार कोणत्या टप्प्यावर झाली हे लिहिण्यासारखे असते, मात्र एकाच छोट्या गावात काम केले असेल तर तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा ते गाळा. मार्गदर्शकांना ६० च हवे असतील तर त्यांना विचारा, की आराखड्यात राखीव यादी होती का.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. औषधांच्या चाचण्यांना हे जसेच्या तसे लागू करू नका. तिथे माघारीपूर्वीची माहिती सहसा ठेवली जाते, कारण औषधाचा त्रास कोणाला झाला हे त्यातूनच कळते. आणि नावे काढून सगळी उत्तरे एकत्र केल्यावर एकाचे उत्तर शोधून काढता येत नाही, म्हणून "अमुक तारखेपर्यंत सांगितल्यास आपली उत्तरे काढून टाकू" हे वाक्य पुढच्या संमतीपत्रात तारखेसह घाला. मी तेव्हापासून ते वाक्य वाचून दाखवते. ते ऐकून पहिल्याच प्रश्नाआधी उठून गेलेल्या बायका मला भेटल्या आहेत, आणि पर्यवेक्षकांच्या मते हा त्या वाक्याचा दोष आहे.