जुन्या वहीतले शब्द: जमा, उधार, पुरांत, वटाव-कसर, उपलक

प्रश्न: आजोबांच्या मुंबईतल्या मसाल्याच्या पेढीची जुनी वही सापडली. लिपी वाचता येते, पण जमा, उधार, श्री पुरांत, हस्ते, वटाव-कसर, उपलक, हवाला, उपाड, घालखाध असे अर्धे गुजराती, अर्धे मराठी शब्द आहेत. प्रत्येक शब्दाखाली नक्की काय लिहिलंय?

उत्तर:

भाषा दोन दिसल्या तरी हिशेबाची रीत एकच आहे. मुंबईच्या पेढ्यांवर हिशेब लिहिणारे मेहताजी बहुधा गुजराती असायचे आणि गुमास्ते, हमाल, बरीचशी गिऱ्हाइकं मराठी. त्यामुळे खात्यांची नावं गुजराती आणि त्याखालचा तपशील मराठी, अशी मिसळण नेहमीची आहे. मी हे काम एका जुन्या मेहताजींच्या हाताखाली शिकलो. त्यांनी सगळ्यात आधी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: जमा आणि उधार हे शब्द समोरच्या माणसाच्या खात्याबद्दल बोलतात, आपल्या गल्ल्याबद्दल नाही. त्याच्याकडून आलं ते त्याच्या नावावर जमा, त्याला दिलं ते त्याच्या नावावर उधार.

मराठी वाचणाऱ्याची पहिली गल्लत ‘उधार’ या शब्दाशीच होते. आपण उधार म्हणजे उधारी समजतो. गुजराती वहीत मात्र ते उजव्या बाजूचं नाव आहे, मराठी कीर्दीत जिथे ‘नावे’ किंवा ‘खर्च’ लिहितात ती बाजू. हमालाला रोख पैसे दिले तरी ते हमाली खाते उधार. त्यात कोणी कोणाचं देणं लागत नाही.

आता वही समोर उघडी ठेवा. कागदाला उभ्या घड्या दिसतील, त्यांना सळ म्हणतात. बहुतेक वह्यांत पानाला आठ सळ असतात. डावे चार जमेचे, उजवे चार उधारचे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या सळाला सिर म्हणतात आणि उरलेल्या तिघांना पेटा. बेरजेत धरायची रक्कम फक्त सिरात असते. पेट्यात त्या रकमेची फोड आणि मजकूर. जुनी वही वाचताना बेरीज जुळत नाही अशी तक्रार मी खूप ऐकतो. जवळजवळ प्रत्येक वेळी पेट्यातले आकडेही मिळवलेले असतात.

रक्कम लिहायची पद्धतही लक्षात घ्या. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधीच्या वह्या रुपये, आणे, पैच्या आहेत: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन उभ्या म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ एक आण्याची. म्हणून २॥= हे दोन रुपये दहा आणे. खाली मी सोयीसाठी २–१०–० असं लिहितो.

एक व्यवहार शेवटपर्यंत नेऊन दाखवतो, म्हणजे तुमचे निम्मे शब्द त्यातच उलगडतील. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत.

एका किरकोळ दुकानदाराने हळदीची पोती नेली. पेट्यात लिहिलंय: माल १४४–०–०, बारदान ४–०–०, हमाली-तोलाई १–१०–०. सिरात १४९–१०–०. ही रक्कम त्याच्या खात्यात उजवीकडे, उधार बाजूला पडली. म्हणजे एवढं त्याच्याकडून येणं आहे. वर्षअखेरपर्यंत ते तसंच राहिलं असतं, तर मेहताजींनी ‘बाकी लेणा’ म्हणून पुढच्या वहीत ओढलं असतं. आपण त्याला येणे बाकी म्हणतो. ‘लेणदार’ हा शब्दही अडवतो. तो आपला घेणेकरी, म्हणजे ज्याचं आपण देणं लागतो तो.

काही दिवसांनी दुकानदाराने हिशेब चुकता केला. रोख दिल्याबद्दल ठरलेली सूट होती मालाच्या रुपयामागे पाव आणा. एकशे चव्वेचाळीस रुपयांवर ते छत्तीस आणे, म्हणजे २–४–० होतात. हा वटाव. तो आधीपासून ठरलेला असतो आणि त्याला दर असतो. राहिले १४७–६–०. त्याच्या माणसाने आणले बरोबर १४७ आणि वरचे सहा आणे सोडा म्हणाला. हे सहा आणे म्हणजे कसर. कसरीला दर नसतो. हिशेब मिटवताना तोंडातोंडी सोडलेली किंवा कापलेली किरकोळ रक्कम तिच्यात जाते. दोन्ही मिळून २–१०–० ‘वटाव-कसर खाते’ या एकाच नावाखाली गेले. बऱ्याच पेढ्या हे वेगळं करत नव्हत्या.

त्या दिवशीचा रोजमेळ, म्हणजे मराठी पेढीतली रोजकीर्द, असा दिसेल. डावीकडे सगळ्यात वर ‘श्री पुरांत’ ४१२–६–०. पुरांत म्हणजे हातातली रोख शिल्लक, आणि ती नेहमी आदल्या दिवशीची बंद शिल्लक असते. तिच्याखाली दुकानदाराचे खाते जमा १४७–०–०, आणि पेट्यात ‘ह.’ लिहून त्याच्या गड्याचं नाव. ‘ह.’ म्हणजे हस्ते. पैसे कोणाच्या हातून आले हे त्यात असतं. तो माणूस खातेदार नव्हे, म्हणून त्याच्या नावाने खातं शोधत बसू नका. पण वाद झाला तर साक्ष त्याचीच निघायची, त्यामुळे चांगले मेहताजी हस्ते कधी गाळत नसत. त्याखाली पुन्हा त्याच दुकानदाराचे जमा २–१०–०. डावी बेरीज ५६२–०–०.

उजवीकडे वटाव-कसर खाते उधार २–१०–०, उपाड खाते उधार ३०–०–०. बेरीज ३२–१०–०. डावीतून उजवी वजा केली की ५२९–६–० उरतात, ती संध्याकाळची पुरांत. गल्ल्यात तेवढीच रोकड निघाली की मेळ बसला.

२–१०–० दोन्ही बाजूंना लिहिलेले पाहा. त्यात रोकड हललीच नाही. दुकानदाराचं येणं तेवढं कमी झालं आणि पेढीचा तेवढा खर्च झाला. अशा बिनरोकड नोंदीला जमाखर्च करणे म्हणतात. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यावर टाकायची असेल तर वहीत ‘हवाला’ लिहिलेलं सापडतं. आज तो शब्द भलत्याच अर्थाने ऐकू येतो, म्हणून घरचे लोक वही वाचताना दचकतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

रोजमेळातली रक्कम खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, त्याच बाजूला चढते, जमेची जमेला, उधारची उधारला. इंग्रजी पद्धतीच्या रोकडवहीत आलेली रोख नावेच्या बाजूला असते आणि खात्यात चढवताना बाजू बदलते. देशी नाम्यात, म्हणजे या जुन्या हिशेबपद्धतीत, ती उलटापालट नाही, कारण रोजमेळात मुळातच समोरच्याचं खातं लिहिलेलं असतं. कॉमर्स शिकलेल्यांना ही वही उलटी वाटते ती यामुळेच. आपल्या दुकानदाराच्या खात्यात आता उजवीकडे १४९–१०–० आणि डावीकडे १४७–०–० व २–१०–०, म्हणजे खातं दोन्ही बाजूंना सारखं.

उपाड म्हणजे मालकाने घरासाठी काढलेले पैसे. ते धंद्याच्या खर्चात धरत नाहीत, मालकाच्या भांडवलातून वजा होतात. नोकराच्या नावापुढे मात्र ‘उपाड’ किंवा मराठीत ‘उचल’ असेल तर ती पगारापोटी आगाऊ घेतलेली रक्कम. शब्द तोच, पण खातं कोणाचं आहे त्यावर अर्थ ठरतो.

उपलक खातं मला या सगळ्यात सर्वात बोलकं वाटतं. पैसे आले, पण कोणाचे किंवा कोणत्या बिलापोटी ते कळलं नाही, अशी रक्कम तिथे जमा करायची. मेळ त्याच दिवशी बसवायचा असतो, चौकशी होईपर्यंत थांबता येत नाही. पत्ता लागला की हवाला टाकून ती योग्य खात्यात न्यायची. नीट चाललेल्या पेढीत उपलकात रकमा येतात आणि थोड्याच दिवसांत निघतात. तुमच्या वहीत एखादी रक्कम वर्षअखेरलाही तिथेच असेल, किंवा महिन्याच्या शेवटी तिथे अचानक सुटे आणे-पै असलेली विचित्र रक्कम पडली असेल, तर बहुधा मेळ बसत नव्हता आणि फरक तिथे टाकून ठेवला. वटाव-कसर खात्यावरही अशीच नजर ठेवा. कसर आण्यांत असायला हवी. रुपयांत गेली आणि पेट्यात कोणाचंच नाव नसेल, तर ती सूट नव्हे, तूट आहे.

घालखाध म्हणजे बुडीत. नोंद दिसायला कसरीसारखीच: गिऱ्हाइकाचे जमा, घालखाध उधार. फरक असा की कसर दोघांच्या संमतीने, समोरासमोर सुटते. घालखाध व्यापारी एकटाच लिहितो, गिऱ्हाईक दुकान बंद करून गेल्यावर किंवा दिवाळं निघाल्यावर. म्हणून ती बहुधा वर्षअखेरीस, सरवैयुं म्हणजे ताळेबंद काढायच्या सुमारास दिसते. पुढच्या एखाद्या वर्षी ते पैसे आलेच तर गिऱ्हाइकाच्या जुन्या खात्याऐवजी घालखाध खात्यावर जमा सापडतील. त्याचं खातं बंद पाहून पैसे आलेच नाहीत असं समजू नका.

राहिल्या मित्या. गुजराती वहीचं वर्ष दिवाळीनंतर कार्तिक सुद एकमला सुरू होतं आणि संवत विक्रमाची असते. कार्तिकापासून डिसेंबरअखेर संवतेतून ५७ वजा करा, जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६. संवत २०००चं पहिलं पान १९४३च्या दिवाळीनंतरचं. सुद-वद म्हणजे आपले शुद्ध-वद्य, आणि महिने गुजरात-महाराष्ट्रात सारखेच चालतात. पेढीचा व्यवहार मारवाडी अडत्याशी असेल आणि त्याची चिठ्ठी वहीत अडकवलेली असेल, तर त्यावरच्या वद पक्षाला महिन्याचं नाव एक पुढचं असेल. आपला आश्विन वद्य तो कार्तिक बदी लिहितो. चिठ्ठी आणि वही एक महिन्याने चुकते आहे असं वाटलं तर आधी हे तपासा.