केवलमूल्य म्हणजे संख्यारेषेवरचं अंतर

प्रश्न: नववीतल्या मुलाला |x + 2| > 4 सारखी उदाहरणं कशी समजावू? तो दर वेळी चिन्हात गोंधळतो.

आधी त्याला |x − 3| = 5 द्या आणि वहीत काहीही सोडवू देऊ नका. संख्यारेषा काढून 3 वर बोट ठेवायला सांगा. |x − 3| म्हणजे x आणि 3 यांच्यातलं अंतर. 3 पासून 5 घरं दूर कोण आहे? उजवीकडे 8, डावीकडे −2. दोन उत्तरं का येतात, हे त्याला बोटानेच कळतं.

आता तुमचं उदाहरण. इथे मुलं हमखास 2 वर बोट ठेवतात. अंतर नेहमी वजाबाकीतून येतं, म्हणून x + 2 हे x − (−2) असं लिहायला लावा. बोट −2 वर गेलं पाहिजे. तिथून 4 घरं मोजली की टोकं येतात −6 आणि 2. अंतर 4 पेक्षा जास्त हवं, म्हणजे या टोकांच्या बाहेर जायचं: x < −6 किंवा x > 2. टोकं स्वतः धरायची नाहीत, म्हणून तिथे पोकळ गोल काढा. चिन्ह < असतं तर आतला सलग तुकडा मिळाला असता, −6 < x < 2.

माझ्याकडे येणारी बरीच मुलं बाहेरचे दोन तुकडे −4 > x + 2 > 4 असे एका ओळीत लिहितात. त्यांना मी एवढंच विचारते, की एकच संख्या −4 पेक्षा लहान आणि 4 पेक्षा मोठी कशी असेल? दोन तुकडे सुटे असले की मध्ये ‘किंवा’ लिहावाच लागतो.

x ला सहगुणक असेल तर तो आधी बाहेर काढा. |2x + 3| ≤ 7 मध्ये 2 बाहेर काढून दोन्ही बाजूंना 2 ने भागलं की |x + 1.5| ≤ 3.5 उरतं. बोट −1.5 वर, दोन्हीकडे 3.5, म्हणून −5 ≤ x ≤ 2. टोकं मूळ उदाहरणात घालून बघा: −5 ला |−7| आणि 2 ला |7|, दोन्हीकडे 7 च येतात. न भागता −3 वर बोट ठेवलं असतं, तर −10 आणि 4 आले असते आणि 4 घातल्यावर 11 मिळून चूक तिथेच पकडली गेली असती.

|x − 4| = −3 ला उत्तर नाही, कारण अंतर ऋण नसतं. यावर मुलं अडत नाहीत.

एका ठिकाणी मात्र ही रीत पुरत नाही. |x − 3| = 2x मध्ये उजवीकडचं अंतरच x बरोबर बदलतं, किती घरं मोजायची ते ठरत नाही. तिथे दोन शक्यता घ्याव्याच लागतात: x − 3 = 2x वरून x = −3, आणि 3 − x = 2x वरून x = 1. पण −3 घातल्यावर उजवी बाजू −6 होते, म्हणून ते उत्तर सोडून द्यायचं. उरतं फक्त 1.