फोनवरची तक्रार आणि लेखी दावा

प्रश्न: वॉशिंग मशीन वॉरंटीत आहे, पण मधूनच बंद पडते. सर्व्हिस सेंटरला तीनदा फोन केले, काही होत नाही. लेखी तक्रारीत नेमके काय लिहावे?

माझे मशीन दहाव्या महिन्यापासून कपडे पिळण्याआधी थांबू लागले आणि ड्रममध्ये पाणी साचून राहू लागले. मी फोनवर प्रत्येक वेळी ‘मशीन नीट चालत नाही’ एवढेच सांगत राहिलो. तंत्रज्ञ दोनदा आले, त्यांनी रिकामे मशीन चालवून पाहिले, ते सुरळीत चालले आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून दोन्ही तक्रारी बंद झाल्या. माझे मोठे बंधू म्हणाले, ‘लिहून काय होणार? ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घे.’ हा सल्ला चुकीचाच होता, कारण बाहेरच्या माणसाने मशीन उघडले की वॉरंटी नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

त्याऐवजी मी दोन आठवडे प्रत्येक धुण्याची तारीख, प्रोग्रॅम, कपड्यांचा भार आणि स्क्रीनवर आलेला कोड वहीत नोंदवला. 8 पैकी 5 वेळा मशीन थांबले आणि पाचही वेळा ड्रम पूर्ण भरलेला होता; अर्ध्या भाराला ते एकदाही थांबले नाही. रिकाम्या मशीनमध्ये दोष का दिसत नव्हता, ते तेव्हा उमगले.

मग ईमेल लिहिला. विषयात जुना तक्रार क्रमांक घातला. मजकुरात दाराच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल व सिरीयल क्रमांक, खरेदीची तारीख, आधीच्या दोन भेटींच्या तारखा आणि वहीतील नोंदी दिल्या. सोबत बिलाची प्रत आणि थांबलेल्या मशीनचा व्हिडिओ जोडला. ‘पंप खराब आहे’ असे मुद्दाम लिहिले नाही, कारण निदान चुकले तर उत्तर त्या निदानापुरतेच मिळते. फिल्टर साफ केला आहे आणि पाणी सोडणारा पाइप मुडपलेला नाही, हे मात्र लिहिले, अन्यथा पहिले उत्तर तेच आले असते. शेवटी मागणी स्पष्ट केली: पूर्ण भारावर चाचणी घ्यावी, वॉरंटीत विनामूल्य दुरुस्ती करावी आणि 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

या वेळी तंत्रज्ञांनी ओले कपडे भरून मशीन चालवले. पाणी जास्त असल्यामुळे पंपाला बराच वेळ चालावे लागे आणि तापला की तो थांबे. पंप बदलला गेला. केलेले काम त्यांच्याकडून जॉबशीटवर लिहून घेतल्यानंतरच मी सही केली; तुम्हीही तसेच करा आणि प्रत जवळ ठेवा.

अर्थात, विजेच्या दाबातील चढउतारांमुळे झालेले नुकसान बऱ्याच वॉरंटींमध्ये वगळलेले असते, तेव्हा आपले वॉरंटी कार्ड आधी वाचावे.

‘फोननेही हेच झाले असते’, असे बंधू अजूनही म्हणतात. पंप बदलला त्या दिवशी वॉरंटी संपून सहा दिवस झाले होते आणि मुदतीच्या आत पाठवलेल्या त्या ईमेलची तारीख दाखवल्यावरच मला पैसे भरावे लागले नाहीत.