बस नसती तर काय झालं असतं?

प्रिय मित्रा,

तुझा तक्ता पाहिला. कर्मचारी बससेवेचा वर्षाचा खर्च 100 धरून बाकी सगळं त्याच मापात मांडलंस, ते बरं केलंस. वाहनभत्ता बंद झाल्याचे 46, भाड्याची पार्किंगची जागा सोडल्याचे 14, ओव्हरटाइम वाचल्याचे 12. बेरीज 72. खड्डा 28 चा. तो बुजवायला तू खाली मनोबलाचे 30, उत्पादकतेचे 35 आणि कंपनीच्या प्रतिमेचे 20 लिहिलेस, आणि मला विचारतोस की हे आकडे ‘पटतील का’. पटण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक ओळीला एकच विचार: बस नसती तर काय झालं असतं?

ओव्हरटाइमची ओळ बघ. ती मला फार आवडली. पुढच्या पाळीचा माणूस उशिरा आला की आधीच्या पाळीचा माणूस मशीन सोडू शकत नाही, आणि त्या थांबण्याचे पैसे हजेरीपटावर दिसतात. बस नव्हती तेव्हा ते जात होते, आता जात नाहीत. फरक डोळ्यांना दिसतो.

आता 35 ची ओळ. तीनशेही माणसांचा रोजचा वाचलेला अर्धा तास तू पूर्ण पगाराच्या दराने गुणलास. अरे, बसने येतात 180. त्यातही जे आधी स्वतःच्या दुचाकीने यायचे, त्यांचा वेळ थांबे घेत जाणाऱ्या बसमध्ये उलट वाढतो. आणि वाचलेला वेळ कंपनीचा नाही, त्यांच्या घरचा आहे. समाजाच्या दृष्टीने हिशेब मांडत असशील तर तो वेळ धर, पण प्रवासाच्या वेळेचं मोल पगाराच्या पूर्ण दराने लावत नाहीत. निम्म्याच्या आसपास लावतात. कंपनीच्या हिशेबात त्या आरामाचा फायदा येतो तो दोन वाटांनी: माणसं वेळेवर येतात आणि नोकरी सोडत नाहीत. पहिली वाट ओव्हरटाइममध्ये आलीच आहे. दुसरी मोजायची राहिली आहे. मग मनोबल, उत्पादकता, प्रतिमा अशी तीन नावं देऊन तोच फायदा तीनदा का मोजतोस?

दुसरी वाट अशी मोज. नवा माणूस शोधणं, शिकवणं, हात बसेपर्यंतचं कमी काम, हे सगळं धरून एका राजीनाम्याचा खर्च तुझ्याच मापात 2 येतो. म्हणजे 28 चा खड्डा भरायला वर्षाला 14 राजीनामे टळायला हवेत. आता मनुष्यबळ विभागाच्या नोंदी काढ. गेल्या वर्षी, बस सुरू होण्याआधी, 41 जण गेले, त्यातल्या 9 जणांनी प्रवासाचं कारण दिलं, आणि बसच्या मार्गांवर राहणारे त्यात 6 होते. बस असती तर फार तर हे 6 थांबले असते. म्हणजे 12. त्यापुढचा आकडा तुला सापडलेला नाही, तुला तो हवा आहे.

मला लोक कोरडा म्हणत. अजूनही म्हणतील, माझी हरकत नाही. एका ठिकाणी असाच फुगवलेला अहवाल वर गेला होता. लेखा विभागाने त्यातली एक ओळ खोटी ठरवली आणि मग बाकीच्या ओळी कुणी वाचल्याच नाहीत. सगळी सेवा बंद झाली, रात्रपाळीची बससुद्धा, आणि ती खरोखर लागत होती. त्याची खंत मला आजही आहे. म्हणून मी हट्टाने विचारतो, बस नसती तर काय झालं असतं?

हाच प्रश्न एकेका मार्गाला विचार. तुझ्या तीन मार्गांपैकी तिसरी बस निम्म्याहून रिकामी धावते, आणि तिच्यातले बहुतेक जण जवळ राहणारे आहेत, आधीही वेळेवरच यायचे. ती बंद केली तर खर्च 22 ने घटतो, फायदा फक्त 5 ने. उरलेल्या दोन मार्गांचा खर्च 78 आणि फायदा, ते 6 राजीनामे धरून, 79. मनोबलाच्या त्या 30 खाली ही रिकामी बस झाकली गेली होती, दिसलं का?

आता सहाऐवजी तीनच राजीनामे टळले असं धरून पाहा. हिशेब 5 ने तुटीत जातो. तसाच दाखव. त्याखाली, आकडा न लावता, लिही की रात्रपाळी सुटल्यावर या दोन मार्गांवरची माणसं दारापर्यंत सुखरूप पोचतात. तीनच टळले तर वर्षाला 5 मोजून हे हवं आहे का, हे व्यवस्थापनाने ठरवायचं. त्या सुखरूपपणाची किंमत तू मनाने लिहायची नाहीस.

चढणाऱ्यांची नोंदवही थांब्याप्रमाणे काढून नवा तक्ता पाठव. पहिल्या महिन्याचे आकडे वगळ, तेव्हा नवेपणामुळे गर्दी असते.

तुझा,
जुना सहकारी